खिसे रिकामे कर

प्रिय गड्या,

तुझ्या मुलाचा पुण्याहून फोन आला होता. "काका, बाबा एमआरआयला तयारच होत नाहीत. तुम्ही सांगून बघा, तुमचं ऐकतील," म्हणाला. तुझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते, त्या कानाला ऐकू कमी येतं आणि जिना उतरताना तोल जातो, हे तू मला सांगितलं होतंस. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय लिहून दिलाय, हे मात्र गिळून टाकलंस. मुलाला मी "बघतो" एवढंच म्हणालो. माझ्या वेळी "घाबरू नका सर, काहीच होत नसतं" हे वाक्य मला घरच्यांनी ऐकवलं, शेजाऱ्यांनी ऐकवलं, औषधाच्या दुकानातल्या पोरानंही ऐकवलं. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. म्हणून तुला तसलं काही सांगत नाही. माझं काय झालं ते सविस्तर लिहितो. शेवटी तुझ्याबद्दलची एक गोष्ट आहे, तीच या पत्राचं खरं कारण आहे. तिथवर वाच.

गेल्या पावसाळ्यात माझी डाव्या पायातली चप्पल रस्त्यात सुटायला लागली. सुटली हे मला कळायचंच नाही. मागून येणारा माणूस ओरडायचा, "गुरुजी, चप्पल!" कंबर तर कित्येक वर्षं दुखतच होती. तासन् तास फळ्यापुढं उभं राहण्याचं आणि जिंतूर तालुक्यातल्या रस्त्यांवर मोटारसायकल हाकण्याचं ते व्याज, असं मी धरून चाललो होतो. पण डॉक्टरांनी मला टाचांवर चालून दाखवायला सांगितलं, आणि डाव्या पायाचा पुढचा भाग वर उचललाच जाईना. मग त्यांनी अंगठ्यावर बोट ठेवलं. "वर उचला, मी दाबतो." उजवा अंगठा त्यांना दाद देत नव्हता, डावा एका बोटानं खाली बसला. "नुसतं दुखत असतं तर सहा आठवडे गोळ्या आणि व्यायाम करून बघितलं असतं," ते म्हणाले. "इथं ताकद गेलीय. नस कुठं दबते ते बघावं लागेल." पूर्वी असल्या तपासणीला आपल्याकडची माणसं नांदेड नाहीतर औरंगाबाद गाठायची. आता परभणीतच होतं. म्हणजे टाळायला लांबचा प्रवास हे कारणही उरलं नव्हतं.

मी कशाला भ्यायलो ते तुला सांगायला लाज वाटत नाही, कारण त्या वेळी दोराच्या दुसऱ्या टोकाला तूच होतास.

बहात्तरची दिवाळी आठव. आपण बी.एस्सी.ला होतो. पाऊस सलग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दगा देऊन गेलेला. दुधनेच्या पात्रात झरे खोदून वाटी-वाटीनं पाणी भरणं चाललेलं, रेशनवर तो लालसर मिलो आलेला. त्याच वर्षी 18 मेला परभणीला कृषी विद्यापीठ मिळालं होतं आणि शेतात मात्र काडी नव्हती. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, शेवटचं पेव फोडायचं ठरवलं. तीन-चार वर्षांपूर्वीची ज्वारी त्यात होती. तू सुट्टीत माझ्याकडे आला होतास, कारण तुझ्या घरी वडील आणि आई दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते आणि घरात एक तोंड कमी झालेलं बरं होतं. हे तू तेव्हा बोलला नव्हतास. मला पुढं कळलं.

आज कुणाला पेव सांगायचं तर चित्र काढून दाखवावं लागतं. पांढरीच्या जमिनीत पुरुष-दीड पुरुष खोल खड्डा, तोंड अरुंद आणि पोट फुगीर. आतून कडब्याचा, भुसाचा थर, मधे ज्वारी, वरून परत भूस, दगड आणि माती. फोडलं की लगेच आत उतरायचं नसतं. दाणा मुका असला तरी श्वास घेतो, कर्बवायू सोडतो, आणि तो वायू हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी साचून राहतो. हे पुढं तीस वर्षं मी पोरांना शिकवलं. त्या दिवशी आपल्याला माहीत होतं ते एवढंच की तोंड रात्रभर उघडं ठेवायचं, सकाळी कंदील सोडून बघायचा, आणि ज्योत बारीक झाली तर उतरायचं नाही. कंदील वरच्या अंगाला चांगला जळत होता. पेवाचं तोंड अरुंद, मी सगळ्यांत काटकुळा. कमरेला दोर बांधून मला सोडलं. वर दोर धरून तू आणि गडी. अण्णा सांगत होते, "बोलत राहा रे, बोलायचं थांबू नको. आवाज थांबला की आम्ही ओढणार."

आत काय होतं? उकाडा. ओल्या, आंबलेल्या ज्वारीचा वास. कडेची ज्वारी भिंतीला चिकटून काळी पडलेली, मधली धड. मी दोन टोपल्या भरून दिल्या. तोंडानं चालू होतं ते तुझ्या सांगण्यावरून, न्यूटनचे नियम, मग ओहमचा, मग जे आठवेल ते. ज्वारी उपसत मी जसा खाली गेलो तसा बरोबरचा कंदील खाली आला आणि ज्योत निळी होऊन बसली. मला ती दिसली, पण ओरडायला दम पुरेना. कशाचा तरी अर्धा नियम बोलून मी थांबलो. आणि तुम्ही ओढलंत. त्या अरुंद तोंडात खांदे अडकले होते ते दोन-चार क्षण माझ्या अंगातून कधी गेलेच नाहीत. लिफ्टमध्ये मी आजही दाराशी उभा राहतो.

तर डॉक्टरांनी एमआरआय म्हटल्यावर माझ्यापुढं बोगदा आला नाही, पेवाचं तोंड आलं. वर डोकं असं की शिकवलेलं सगळं आठवतं. 2018 च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि सिलिंडरसकट यंत्राकडे खेचला जाऊन दगावला. यंत्र बंद आहे असा समज झाला होता, असं तेव्हा छापून आलं. ती बातमी मी शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना वाचून दाखवली होती. चुंबक म्हणजे काय हे समजावायला याहून वाईट उदाहरण नाही. ते चुंबक बंद होतच नाही, गड्या. रात्री दिवे मालवून, कुलूप लावून माणसं घरी जातात तेव्हाही ते चालूच असतं. नायोबियम-टायटेनियमच्या तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे 269 अंशांवर बुडवलेली. त्या थंडीत तारेचा रोध शून्य होतो, एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. म्हणून खोलीत जाणारी प्रत्येक वस्तू आधी दाराबाहेर तपासायची.

आमच्या सूनबाई मला घेऊन गेल्या. आधी एक फॉर्म. हृदयात पेसमेकर आहे का, कानात कृत्रिम यंत्र बसवलंय का, मेंदूच्या रक्तवाहिनीला क्लिप आहे का, हाडात सळई, अंगात कुठं छर्रा, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का. मी भराभर "नाही, नाही" वर खुणा करत गेलो. तंत्रज्ञ म्हणून एक मुलगी होती, मानवतची. (माझी विद्यार्थिनी निघाली असती तर ही गोष्ट अजून रंगली असती. नव्हती. मराठीची बाई होऊ पाहत होती, भौतिकशास्त्रानं तिला छळलं होतं, असं तिनंच सांगितलं.) तिनं फॉर्म नुसता ठेवून घेतला नाही, एकेक प्रश्न परत तोंडानं विचारला. मग म्हणाली, "काका, खिसे रिकामे करा. घड्याळ, किल्ल्या, पाकीट, एटीएम कार्ड, चष्मा. दात काढायचे आहेत का? करदोट्याला काही आहे?"

करदोट्याला तांब्याचा ताईत होता, आईनं बांधलेला. मी वाद घातला. "तांबं चुंबकाला चिकटत नाही, बाई." ती म्हणाली, "चिकटत नाही, पण आतल्या रेडिओ लहरींनी त्यात करंट फिरतो आणि तापतं. शिवाय कमरेचाच फोटो घ्यायचाय, ताईत नेमका तिथंच, चित्र खराब होईल." चाळीस वर्षांनी कुणी मला भौतिकशास्त्रात बिनतोड उत्तर दिलं. मी करदोटा सोडला. दाताची कवळीही काढली, तिला तारेचे हूक आहेत.

आणि त्या "खिसे रिकामे करा"वर मला तू आठवलास.

आपली कॉलेजातली प्रयोगशाळा डोळ्यांपुढं आण. खिडकीखालचं लाकडी टेबल, त्याला एकही लोखंडी खिळा नाही म्हणून सर कौतुकानं दाखवायचे. त्यावर काचेची पेटी, पेटीत पीळ नसलेल्या दोऱ्याला टांगलेला छोटा पट्टीचुंबक. कंपन चुंबकत्वमापी. चुंबकाला हलकासा धक्का द्यायचा की तो पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात उत्तर-दक्षिणेच्या दोन्ही बाजूंना हेलकावे घ्यायचा. वीस हेलकाव्यांना किती वेळ लागतो तो स्टॉपवॉचवर मोजायचा. क्षेत्र जितकं जोरकस तितके हेलकावे जलद. त्यावरून पृथ्वीचं क्षेत्र काढायचं. मी घड्याळ धरायचो, तू वाकून मोजायचास. "एक... दोन... तीन..." आणि आपलं वाचन कधी जुळायचं नाही. एकदा विसाला दोन मिनिटं लागायची, एकदा सहा-सात सेकंद कमी. तीन वेळा केलं, तीन उत्तरं. सर आले, त्यांनी काही न बोलता तुला टेबलापासून पाच पावलं मागं उभं केलं आणि स्वतः मोजलं. वेळ परत दोन मिनिटांवर. तुला जवळ बोलावलं, वेळ कमी. "खिसे रिकामे कर," म्हणाले. तुझ्या खिशातून ट्रंकेची किल्ली निघाली आणि तो चाकू निघाला, ज्यानं आपण खोलीवर पेरू कापायचो आणि ज्याला तू प्रयोगशाळेतल्याच मोठ्या चुंबकावर घासून घासून टाचण्या उचलायला शिकवलं होतंस. तू वाकलास की तुझा चाकू वाकत होता आणि पेटीतल्या चुंबकाला पृथ्वीबरोबर तोही ओढत होता. सरांनी तुला शिक्षा केली नाही. म्हणाले, "चाकूचं क्षेत्र किती, ते आता काढून दाखव." आणि तू काढलंस. वेळेचा वर्ग, त्याचा व्यस्त, दोन्हींची वजाबाकी. पृथ्वीच्या सुमारे एक दशांश आलं होतं. सबंध वर्गात त्या दिवशी खरं संशोधन तेवढंच झालं.

पुढच्या वर्षी तू कॉलेज सोडून आयटीआयला गेलास, टर्नर झालास, तिथंच निदेशक होऊन निवृत्त झालास. आपल्या दोघांत भौतिकशास्त्र तुला जास्त येत होतं. हे मी तुझ्या मुलाला कधीतरी सांगणार आहे.

तर आता आतली गोष्ट. दार जाड, भिंतींच्या आत तांब्याचे पत्रे, म्हणजे बाहेरच्या रेडिओ लहरी आत यायला नकोत. मी फळीवर उताणा झालो. कानात बोळे, वरून हेडफोन, गुडघ्यांखाली उशी. हातात एक रबरी फुगा दिला. "दाबला की मी लगेच थांबवते आणि बाहेर काढते. पण काका, हलायचं नाही आणि बोलायचं नाही." बोलायचं नाही! अण्णांची शिकवण बरोबर उलटी. मी विचारलं, बोगद्याचं तोंड किती? "सत्तर सेंटिमीटर. काही ठिकाणी साठ असतं. दोन्हीकडून उघडं आहे, आत दिवा आहे, पंखा आहे." आणि मग तिनं एक सोय केली. "कमरेचं आहे, तर पाय आधी घालते. डोकं बरंचसं तोंडाशी राहील." हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या तीन रात्री वाचल्या असत्या.

फळी सरकली. छत नाकापासून वीतभर. मी डोळे मिटले ते आधीच मिटायला हवे होते. छाती धडधडायला लागली, फुग्यावर बोटं आवळली. मागं कुठंतरी चूं-चूं असा एकसुरी आवाज चालू होता. तो हेलियम थंड ठेवणाऱ्या पंपाचा, हे मी नंतर विचारून घेतलं. आणि मग ठोकायला सुरुवात झाली. ठक् ठक् ठक्, मग घर्रर्र, मग रॉकड्रिलसारखं काहीतरी, फळीसकट अंग थरथरवणारं. वाटलं, आत काहीतरी मोडलंय.

दाबणारच होतो. पण मोजायची सवय वाईट. मी ठोके मोजायला लागलो, तुझ्याच आवाजात, आणि मोजता मोजता प्रश्न पडला की हे ठोकतंय काय? या यंत्रात हलणारा भाग तर फळीशिवाय कुठलाच नाही. आणि मग मला हसू आलं. गड्या, तो फ्लेमिंगचा डावा हात होता! तर्जनी क्षेत्र, मधलं बोट प्रवाह, अंगठा बल. दरवर्षी दहावीच्या पोरांना हात वर करायला लावून शिकवलेला नियम माझ्या कानाशी ठोकत होता. त्या प्रचंड चुंबकाच्या आत तारेची आणखी काही वेटोळी बसवलेली असतात. त्यांत सेकंदाला कितीतरी वेळा प्रवाह चालू-बंद होतो. जोरकस क्षेत्रात प्रवाहाच्या तारेवर बल येतं, तार ढकलली जाते, प्रवाह उलटला की उलट ढकलली जाते. घट्ट बसवलेली असल्यानं ती पळू शकत नाही, नुसती थरथरते, आणि तो ठोका ऐकू येतो. काही मोडत नव्हतं. धडा नीट चालला होता.

ती वेटोळी कशाला, हे ध्यानात आल्यावर तर मी पुरता रमलो. आपल्या शरीरात पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन, आणि त्याचं केंद्रक म्हणजे एक इवलासा चुंबक. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गौसाहूनही कमी. या यंत्राचं दीड टेस्ला, म्हणजे पंधरा हजार गौस, तीस हजार पटींहून जास्त. इतक्या क्षेत्रातही सगळे केंद्रकचुंबक एका दिशेला उभे राहत नाहीत. दहा लाखांमागे पाचेकच जास्त त्या बाजूला झुकतात. पण शरीरात केंद्रकं इतकी आहेत की तेवढ्यावर चित्र निघतं. हे चुंबक गिरक्या घेतात, सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख वेळा. क्षेत्र वाढलं की गिरकी जलद, तुझ्या पेटीतल्या चुंबकासारखीच. फरक एवढाच की तिथं क्षेत्राचं वर्गमूळ येतं, इथं सरळ प्रमाण आहे. नेमक्या त्याच कंप्रतेची रेडिओ लहर सोडली तरच ते तिला दाद देतात. आपल्या खोलीवरच्या ट्रान्झिस्टरचं बटण आपण केसभर फिरवत बसायचो आणि परभणी आकाशवाणी एका जागीच स्वच्छ लागायची, तसं. लहर थांबली की ते परत आपल्या जागी येतात आणि येता येता स्वतःचा क्षीण संदेश देतात. चरबीतले लवकर, पाण्यातले सावकाश. त्यावरून गादी कुठं, मणका कुठं, नस कुठं ते कळतं.

पण संदेश कंबरेतल्या कोणत्या जागेहून आला, हे कसं कळणार? तिथं ती ठोकणारी वेटोळी. ती क्षेत्रात मुद्दाम चढ निर्माण करतात. इथं थोडं कमी, तिथं थोडं जास्त. मग प्रत्येक जागची गिरकी वेगळी, आणि गिरकीवरून जागा ओळखता येते. ही युक्ती पॉल लाउटरबर या रसायनशास्त्रज्ञाची, त्यानं ती 1973 मध्ये छापली. आधी 'नेचर'नं त्याचा लेख परत पाठवला होता. 2003 साली त्याला आणि पीटर मॅन्सफील्डला नोबेल मिळालं. 1973, लक्षात घे. तुझ्या चाकूमुळं क्षेत्र बदललं आणि त्यावरून चाकूचा पत्ता लागला, त्याच सुमारास. मी तुला नोबेल मिळायला हवं होतं असं म्हणत नाही. पण क्षेत्र जागोजागी सारखं नसणं ही आपली चूक होती, आणि त्या माणसानं तेच हत्यार केलं.

मधे एकदा मला खोकला आला. बाईंचा आवाज हेडफोनमध्ये आला, "काका, हललात. हे परत घ्यावं लागेल." नंतर तिनं मला पडद्यावर दाखवलं. मणक्यांच्या कडा दुहेरी, जशा ओल्या कागदावरच्या शाईच्या. तो भाग परत चार मिनिटांचा. एकूण अर्ध्या तासाच्या आत मी बाहेर होतो. बाहेर येताना कंबरेला किंचित ऊब वाटली, ती रेडिओ लहरींची. क्ष-किरण यात नसतातच.

रिपोर्टात काय आलं ते तुला फोनवर सांगितलं आहे. चौथ्या आणि पाचव्या कमरेच्या मणक्यामधली गादी डावीकडे सरकून नसेवर टेकली आहे. त्याशिवाय कागदावर "झीज, झीज, झीज" असं इतक्या ठिकाणी होतं की घरची माणसं हादरली. डॉक्टर म्हणाले, सत्तरीतल्या कुठल्याही माणसाला, कंबर कधी न दुखलेल्यालाही, या यंत्रात घातलं तर असलं सापडतंच. कागदाला नाही, अंगठ्याला विचारायचं. अंगठ्यानं सांगितलं तीच नस चित्रात दबलेली, म्हणून ते खरं धरायचं. शस्त्रक्रिया सध्या टळली आहे, व्यायाम चालू आहे, अंगठा थोडा उचलतो. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी यायचं, एवढी ताकीद आहे.

आता तुझं. तुझी तपासणी डोक्याची आहे, म्हणजे तुला पाय आधी घालायची सवलत मिळणार नाही. तोंडावर पिंजऱ्यासारखी एक जाळी येईल. तिला बहुधा एक आरसा असतो, त्यातून पायांकडचं उघडं तोंड दिसतं. नसला तर मागून घे. फळीवर पडायच्या आधीच डोळे मिट, नंतर नाही. आदल्या दिवशी मुलाला घेऊन जा आणि यंत्र नुसतं बघून ये. फारच घाबरलास तर झोपेची हलकी गोळी देतात, पण ती डॉक्टरांना विचारून आणि गाडी दुसऱ्यानं चालवायची. कानाच्या नसेसाठी बहुतेक शिरेतून एक औषध टोचतील, गॅडोलिनियमचं. तुला साखर आहे, तर त्याआधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी झाली आहे ना, हे विचारायला सांग.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. आयटीआयमध्ये असताना लेथवर एका पोराला शिकवताना तुझ्या उजव्या डोळ्यात पोलादाचा कीस उडाला होता. तू मला नांदेडहून पत्र लिहिलं होतंस, डोळ्याला पट्टी बांधून, तिरक्या अक्षरात. डॉक्टरांनी काढला म्हणाला होतास. सगळा काढला का? काढल्यावर क्ष-किरण फोटो घेतला होता का? डोळ्याच्या आत पोलादाचा बारीक कणसुद्धा राहिला असेल तर तो इतकी वर्षं निमूट बसतो. त्या चुंबकाजवळ गेला की हलतो, आणि आतून डोळा फाडतो. माणसांची नजर गेल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. फॉर्मवर तो प्रश्न असतो. तू माझ्यासारखा भराभर "नाही"वर खुणा करशील, कारण तुला ते आता आठवणारही नाही, किंवा आठवलं तरी "ते तर केव्हाच निघालं" म्हणशील. तसं करू नकोस. त्या मुलीला, मुलाला, जो कोणी असेल त्याला तोंडानं सांग. ते आधी डोळ्यांच्या खोबणींचा साधा क्ष-किरण फोटो काढतील. पाच मिनिटांचं काम. कण दिसला तर एमआरआय नाही, कानासाठी दुसरा मार्ग काढतील. दिसला नाही तर निर्धास्त आत जा.

हे सगळं मी तुझ्या मुलालाही फोनवर सांगणार आहे, पण तुझं पत्र आल्यावर. साल कोणतं होतं, कोणत्या दवाखान्यात काढलं आणि तुझ्याकडे तिथला काही कागद आहे का, एवढं कळव. ट्रंकेत बघ. तू कागद फेकत नाहीस.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
खोलीतला भिडू
जिंतूर, जि. परभणी